मदत हवी आहे : रोजनिशीतील नोंद तृतीयपुरुषी कथेत आणताना ‘ती’चा गोंधळ

सागरवेल :
मी दापोली तालुक्यातील असून माझ्या जुन्या रोजनिशीतील एका नोंदीवरून लघुकथा लिहीत आहे. मूळ नोंद अशी आहे :

“आज संध्याकाळी आईबरोबर हर्णैच्या मासळीच्या लिलावाला गेले. नारळी पौर्णिमेनंतरचा पहिलाच मोठा बाजार. मावशी शेजारीच बसली होती, पण आईने तिच्याकडे पाहिलेही नाही. मला फार वाईट वाटले. तिने हाक मारली तर ओ द्यावी की नाही, ते कळेना. उद्या पुन्हा इथे यायचे आहे.”

‘मी’च्या जागी सुमन हे पात्र घातल्यावर पुढील मजकूर तयार झाला : “त्या संध्याकाळी सुमन आईबरोबर लिलावाला गेली. मावशी शेजारीच बसली होती, पण तिने तिच्याकडे पाहिलेही नाही. तिला फार वाईट वाटले. तिने हाक मारली तर ओ द्यावी की नाही, ते तिला कळेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे जायचे होते.” व्याकरण जागेवर आहे, परंतु कोण कोणाकडे पाहत नाही हेच समजत नाही आणि सगळा प्रसंग पंचनाम्यासारखा कोरडा वाटतो. काय करावे?

नियमानुसार :
आपण योग्य तेच केले आहे. ‘आज’चे ‘त्या दिवशी’, ‘उद्या’चे ‘दुसऱ्या दिवशी’, ‘इथे’चे ‘तिथे’ आणि क्रियापदे भूतकाळात, एवढे केले की रूपांतर पूर्ण होते. ‘ती’ खटकत असेल तेथे प्रत्येक वेळी नाव लिहावे.

कातळफूल :
मीही आजोबांच्या रोजनिशीवरून कथा लिहीत आहे. त्यातील मालवणी संवाद प्रमाण मराठीत आणावेत की तसेच ठेवावेत?

खाडीकाठ :
कातळफूल, आपला प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी स्वतंत्र धागा काढलात तर अधिक लोक उत्तर देतील.

सागरवेल, रोजनिशीत ‘मी’ हे एकच माणूस असते, म्हणून उरलेल्या दोघींपैकी एकीला ‘ती’ म्हटले तरी भागते. ‘मी’ गेली की तिघीही ‘ती’ होतात. यावर प्रत्येक वाक्यात नाव घालणे हा उपाय नव्हे, कारण तसे केल्यास हजेरीपट वाचल्यासारखे वाटते. निवेदन सुमनच्या बाजूने चालले आहे, त्यामुळे आई आणि मावशी यांना निवेदकानेही ‘आई’ आणि ‘मावशी’च म्हणावे, आणि ‘ती’ हे सर्वनाम या प्रसंगापुरते एकट्या सुमनसाठी राखून ठेवावे.

कोरडेपणाचे मूळ ‘तिला वाईट वाटले’ या वाक्यात आहे. ‘मला वाईट वाटले’ ही कबुली असते, तर ‘तिला वाईट वाटले’ ही कोणीतरी बाहेरून दिलेली माहिती होते. तेथे सुमनने त्या क्षणी काय केले ते लिहावे. मनातील प्रश्नाला मात्र हात न लावता तो ‘कळेना’च्या दावणीतून सोडवावा आणि ‘आपण’ वापरून तसाच उतरवावा. माझा खर्डा असा :

“मावशी हाताच्या अंतरावर बसली होती आणि आई समुद्राकडे तोंड करून उभी होती. सुमनने पाटीतला बर्फ उगाच सारखा केला. मावशीने हाक मारली तर आपण ओ द्यावी का? आईसमोर? आणि उद्या पुन्हा इथेच यायचे होते.”

नियमानुसार :
‘उद्या’ आणि ‘होते’ एका वाक्यात कसे चालतील? ही सरळ चूक आहे.

खाडीकाठ :
वाक्याचा काळ निवेदकाचा आहे, तर ‘उद्या’ आणि ‘इथे’ सुमनचे आहेत. आपला नियम निवेदकाच्या स्वतःच्या वाक्यांना लागू पडतो, उदाहरणार्थ ‘त्या संध्याकाळी सुमन लिलावाला गेली’. मनातील वाक्याला तोच नियम लावला की वाचक सुमनपासून चार पावले मागे जातो. ओळखायचे असेल तर वाक्यापुढे ‘असे तिच्या मनात आले’ हे शब्द मनातल्या मनात जोडून पाहावेत. अर्थ न बिघडता ते जुळले, तर ‘उद्या’ राहू द्यावे.

वेळूबन :
‘आपण’ मला धोक्याचे वाटते. ‘आपण ओ द्यावी का’ याचा अर्थ मायलेकी दोघींनी ओ द्यावी का, असाही होतो.

खाडीकाठ :
होतो खरा. म्हणूनच लगेच ‘आईसमोर?’ घातले आहे, म्हणजे आई त्या ‘आपण’मधून बाहेर पडते. अशी सोय नसेल तेथे ‘सुमनने ओ द्यावी का’ असे लिहिलेले बरे, मग थोडा जिवंतपणा गेला तरी चालेल.

सागरवेल :
मनःपूर्वक आभार. आणखी एक अडचण आहे. आई आणि मावशी यांच्यातील अबोल्याचे कारण रोजनिशीत नाही, कारण मला ते ठाऊकच होते. वाचकाला तो अबोला आगराच्या वाटणीवरून झाला होता, हे कसे सांगावे?

वेळूबन :
तृतीयपुरुषी निवेदक आहे, त्याने दोन ओळींत सांगून टाकावे.

खाडीकाठ :
मी तसे करणार नाही. सुमन ज्या घडीला वाटणीची आठवण काढील असे काही समोर येईल, उदाहरणार्थ मावशीच्या पाटीशेजारी विकायला ठेवलेले त्याच आगरातील नारळ, तेथेच ते यावे, आणि तेही सुमनला माहीत आहे तेवढेच. आईच्या मनात काय होते हे निवेदकाने सांगितले, की कथा सुमनची राहत नाही.

वेळूबन :
पण मग तृतीयपुरुष घेतलाच कशाला? आईच्या मनात शिरता येणे हाच त्याचा फायदा आहे. सागरवेल यांनी आईच्या बाजूनेही एक परिच्छेद लिहून पाहावा, असे मला अजूनही वाटते.