डोमेन कोणाच्या नावावर घ्यायचं?

"वेबसाइटवाला म्हणतोय डोमेन न् ईमेल मीच घेऊन देतो, चालेल ना?"

काम त्याला करू द्या, पण रजिस्ट्रारकडचं, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडचं खातं तुमचं, रजिस्ट्रंट म्हणजे डोमेनचा मालक म्हणून तुमचं नाव आणि पैसे तुमच्याच कार्डावरून. आमच्या मसाल्याच्या धंद्यात आम्ही एवढं तरी नीट केलेलं, तरी फसलोच, कारण त्या खात्याला ईमेल दिला होता info@ आमचंच डोमेन. कार्ड बदललं म्हणून ऑटो-रिन्यू झालं नाही, डोमेन संपलं, मेल बंद पडले आणि लॉगिनचा ओटीपी त्याच बंद पत्त्यावर जायला लागला! कागदपत्रं पाठवून खातं मिळेपर्यंत आठवडा गेला, गिऱ्हाइकांचे मेल परत जात होते, जीव नुसता टांगणीला. म्हणून त्या खात्याला साधा जीमेल द्या, तुमच्या स्वतःच्या फोनला जोडलेला.

.com संपलं की रजिस्ट्रार थोडे दिवस नेहमीच्या दरात रिन्यू करू देतो, पण नंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शन, म्हणजे नाव सोडवून घ्यायचा काळ लागतो, त्यात दंड बराच महाग पडतो आणि मग ५ दिवसांत नाव कोणालाही मोकळं. आणि आधीच वेबसाइटवाल्याच्या खात्यात घेतलं असेल तर संबंध चांगले आहेत तोवरच ट्रान्सफरचा ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसरीकडे हलवायला लागणारा कोड, मागून घ्या.