गाडीच्या स्क्रीनवर फोनचा मॅप आणि गाणी: केबल बरी की वायरलेस? नाशिककरांनो, अनुभव लिहा

गोदाकाठची:
मी रोज गंगापूर रोडवरून ओझरला जाते, जाताना मॅप आणि गाणी दोन्ही अँड्रॉइड ऑटोवर. सध्या कुंभमेळ्याच्या कामांमुळे आज हा रस्ता बंद उद्या तो, त्यामुळे रोजच्या वाटेलासुद्धा मॅप लावावाच लागतो. गाडीत केबल आणि वायरलेस दोन्ही चालतं. पण महिनाभर असं होतंय की केबल लावून निघालं की मध्येच स्क्रीन काळी होते, गाणं फोनच्या स्पीकरवर सुरू होतं आणि मग आपोआप परत जोडलं जातं. हे नेमकं द्वारकेच्या गर्दीत झालं की किती वैताग येतो ते इथल्या लोकांना सांगायला नको. शोरूमवाले म्हणाले फोन बदला, फोनच्या दुकानातला म्हणाला गाडीचा प्रॉब्लेम आहे.

म्हणून हा धागा. तुमचं कनेक्शन कधी तुटलं, कारण कसं सापडलं ते सविस्तर लिहा. नुसतं "माझं मस्त चालतं" नको, काय वापरता तेही सांगा.

सिडकोचा_पप्पू:
ताई केबल फेकून द्या सरळ. वायरलेसला जा. मी गाडी घेतल्यापासून वायरलेसच, फोन खिशात, गाडी चालू केली की मॅप हजर. फक्त टोलनाक्यावर फास्टॅगच्या मशीनखाली गेलं की एकदा तुटतं, ते रेडिएशनमुळे होणारच.

अंबडकर:
गाडीच्या म्युझिक सिस्टिम बसवायचं कामच करतो म्हणून जरा मोठं लिहितोय.

गोदाकाठची ताई, पुढच्या वेळी स्क्रीन काळी झाली की एकच गोष्ट बघा, शेजारी कोणी बसलेलं असेल तर त्यांना बघायला सांगा, तुम्ही गाडी चालवताना नको. फोनवर चार्जिंगची खूण राहते की तीपण जाते? स्क्रीनबरोबर चार्जिंगही गेलं तर कुठंतरी वायरचा टच सुटतोय, म्हणजे केबल, फोनचं पोर्ट नाहीतर गाडीचं पोर्ट. चार्जिंग चालूच राहिलं आणि फक्त स्क्रीन गेली तर मग केबलमधल्या डेटाच्या तारा तरी खराब आहेत किंवा फोन स्वतःच अँड्रॉइड ऑटोला बंद करतोय. या दोन्हीचे उपाय वेगळे आहेत आणि हे न बघताच लोक फोन बदलून बसतात.

टच सुटत असेल तर गाडी उभी करून, गाणं चालू ठेवून, केबलचं फोनकडचं टोक बोटानं हलकं हलवा. तिथंच तुटलं तर गाडीचा काही दोष नाही. मग गाडीकडचं टोक हलवून बघा. माझ्याकडे येणाऱ्यांत खूपदा फोनच्या सी पोर्टमध्ये खिशातला कापसासारखा कचरा दाबून बसलेला असतो. प्लग आत जातो पण पूर्ण बसत नाही, जरासा बाहेर राहतो, आणि नवीन असताना बसताना जो टक् आवाज यायचा तो येत नाही. स्पीडब्रेकर आला की सुटलाच.

गोदाकाठची:
अरे हो, स्पीडब्रेकरचं बरोबर आहे! कॉलेज रोडला आत वळलं की जास्त होतं. चार्जिंगची खूण बघून सांगते.

मखमलाबादचा_शेतकरी:
आमची गाडी जुनी आहे, सिस्टिममध्ये ब्लूटूथ आणि पेनड्राइव्ह आहे. ते छोटं डोंगल मिळतं ना वायरलेसचं, ते यूएसबीत लावलं तर मॅप येईल का? दिंडोरी वणीला कायम जाणं असतं, मुलगा म्हणतो येईल.

सिडकोचा_पप्पू:
येणार काका, ते कुठल्याही गाडीला चालतं.

अंबडकर:
नाही येणार दादा, पैसे घालू नका. ते डोंगल गाडीला सांगतं की केबलनं फोन लावलाय, आणि दुसऱ्या बाजूनं फोनशी वायरलेस बोलतं. म्हणजे गाडीत आधीपासून केबलवरचं अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असलंच पाहिजे. पेनड्राइव्ह चालतो तेवढ्यावरून ते होत नाही. तुमच्या गाडीला स्क्रीनवाली सिस्टिमच बदलावी लागेल, नाहीतर आहे त्या ब्लूटूथवर फोनमधल्या मॅपचा आवाज ऐकत जायचं, वणीच्या रस्त्याला तेवढं पुरतं.

मखमलाबादचा_शेतकरी:
बरं झालं विचारलं. आवाजावरच चालवतो मग.

मुंबई_अपडाउन:
टॅक्सी चालवतो नाशिक मुंबई. मी केबलच वापरतो आणि कारण साधं आहे, दिवसभर मॅप चालू ठेवायचा तर वायरलेसमध्ये बॅटरी भसाभस उतरते आणि फोन तापतो. उन्हाळ्यात डॅशबोर्डवर ठेवला की तो चार्जिंगच थांबवतो, गरम झालाय म्हणून मेसेज येतो. वायरलेस चार्जिंगच्या पॅडवर ठेवला तर अजूनच तापतो. आता फोन हँडब्रेकशेजारी सावलीत आणि एसीचा एक झोत तिकडं.

दुसरं, कसारा घाटात रेंज जाते तेव्हा लोक म्हणतात अँड्रॉइड ऑटो बंद पडलं. ते बंद पडत नाही, मॅपला इंटरनेट मिळत नाही एवढंच. निघायच्या आधी घरच्या वायफायवर गुगल मॅपमध्ये नाशिक ते ठाणे पट्टा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. मग रेंज नसतानाही वळणं सांगतो. फक्त ट्रॅफिक दिसत नाही, म्हणजे पुढं ट्रक आडवा झालाय हे कळणार नाही. गाणीसुद्धा ॲपमध्ये डाउनलोड केलेलीच वाजतील. समृद्धीनं गेलात तर इगतपुरीचा बोगदा जवळपास ८ किलोमीटरचा आहे, त्यात रेंज सोडा, जीपीएसच नसतं, बाण अंदाजानं पुढं सरकत राहतो. बाहेर आल्यावर थोडा वेळ द्या त्याला.

देवळाली_कॅम्प:
आयफोन आहे, कारप्ले. मला एक कळत नाही, मी आयफोन केबलनं लावला की कॉल केबलवरूनच जातो, पण मिसेसचा अँड्रॉइड त्याच केबलनं, त्याच गाडीत लावला की तो ब्लूटूथ चालू करूनच घेतो. बंद केलं तरी परत. फोन बिघडलाय का?

अंबडकर:
बिघडलेला नाही साहेब. अँड्रॉइड ऑटोमध्ये केबल लावली तरी कॉलचा आवाज ब्लूटूथनंच जातो. मॅप, गाणी, मॅपचं बोलणं केबलवरून, आणि कॉल ब्लूटूथवरून. म्हणून ते चालू राहू द्या. कारप्लेमध्ये केबल असेल तर कॉलही केबलवरून.

आणि वायरलेसबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे की ते ब्लूटूथवर चालतं. ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं. गाडी ब्लूटूथवरून फोनला स्वतःच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड देते, मग फोन त्या वायफायला जोडला जातो, आणि स्क्रीन, गाणी सगळं वायफायवरून जातं. बहुतेक ठिकाणी ५ गिगाहर्ट्झ. म्हणून फोनचं वायफाय बंद असेल तर वायरलेस चालत नाही. इंटरनेट मात्र फोनच्या सिमचंच वापरलं जातं.

मृणाल_पाथर्डीफाटा:
हे वाचून माझा उलगडा झाला! मला वायरलेस कधीकधी जोडलंच जायचं नाही, स्क्रीनवर गोल फिरत राहायचं. घरी फोन रीस्टार्ट केला, गाडीतून जुनी नोंद काढून परत जोडली, काही नाही. नंतर लक्षात आलं की ऑफिसचं व्हीपीएन चालू असलं की हे होतं. वर्क फ्रॉम होमच्या दिवशी चालू केलेलं तसंच राहायचं. बंद केलं की लगेच जोडलं जातं. आता कारण कळलं, फोनला गाडीच्या वायफायशी बोलायचं असतं आणि व्हीपीएन सगळं स्वतःकडे ओढतं, असंच ना?

अंबडकर:
असंच. काही व्हीपीएन ॲपमध्ये एखादं ॲप वगळायची सोय असते, त्यात अँड्रॉइड ऑटो वगळून बघा, पण ऑफिसनं ते कुलूप लावलेलं असू शकतं.

पप्पूभाऊ, फास्टॅगचं मात्र पटत नाही. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो आणि तुमचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

सिडकोचा_पप्पू:
पण दादा घोटीच्या टोलला तुटतं म्हणजे तुटतंच, बायकोपण साक्षीदार आहे. रस्त्यावर तुटत नाही.

अंबडकर:
तुटत असेल, नाही म्हणत नाही. टोलच्या रांगेत चारी बाजूंना गाड्या चिकटून असतात, त्यातल्या कितीतरी स्वतःचं वायफाय सोडतात. त्यामुळे असेल असं मला वाटतं, पण खात्रीनं नाही सांगत. रांग नसताना रात्री कधी गेलात तर तुटतं का बघा.

मुंबई_अपडाउन:
मला टोलवर कधीच तुटत नाही, पण मी केबलवाला.

गोदाकाठची:
अपडेट. भाऊ शेजारी बसला होता, त्यानं बघितलं. स्क्रीनबरोबर चार्जिंगपण जातं. घरी येऊन टोक हलवलं, फोनकडचं हललं की तुटतंय, गाडीकडचं नाही. टॉर्च मारून पोर्टमध्ये बघितलं तर तळाशी करड्या रंगाचा थर. काढू कशानं? सुई घालू का?

अंबडकर:
सुई, टाचणी, धातूचं काहीच नको! पोर्टच्या मधोमध पातळ पट्टी असते, तिच्यावर सगळ्या पिना. ती वाकली की पोर्टच बदलावं लागतं. फोन बंद करा, लाकडी टूथपिकचं टोक ब्लेडनं चपटं पातळ करा आणि मधल्या पट्टीला न लावता कडेकडेनं ओढून काढा. फुंकर मारू नका, ओल जाते.

गोदाकाठची:
केलं! ढेकळासारखं निघालं बाहेर. आता प्लग टक् करून बसतोय. आज ओझरला जाऊन आले, एकदाही तुटलं नाही. पण केबल दोन मीटरची आहे, तीच ठेवू का?

अंबडकर:
एक मीटरच्या आतली घ्या, मधे हब किंवा एक्स्टेंशन नको. लांब केबलमध्ये चार्जिंग होत राहतं पण डेटा अडखळतो. आणि घेताना नुसती चार्जिंगची घेऊ नका, तिच्यात डेटाच्या ताराच नसतात. दुकानात लॅपटॉप असेल तर तिथंच लावून बघा, फोनवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला तर डेटा आहे. गाडीतही सगळे यूएसबी सारखे नसतात, कितीतरी गाड्यांत एकच स्क्रीनला जोडलेला असतो आणि बाकीचे फक्त चार्जिंगचे.

देवळाली_कॅम्प:
एक राहिलंच. मुंबई नाक्याच्या उड्डाणपुलावर असलो की मॅप मला खालच्या सर्व्हिस रोडवर दाखवतो आणि डावीकडे वळा म्हणतो. फोन आर्मरेस्टच्या डब्यात असतो. डब्यामुळे होतं का?

मुंबई_अपडाउन:
पूल आणि खालचा रस्ता एकावर एक आहेत, जीपीएसला वर की खाली हे नीट कळत नाही. डब्यातून बाहेर काढून बघा पण पूर्ण जाणार नाही. पुलावर चढलात की सरळ चालत राहा, आडगावकडे उतरेपर्यंत त्याचं डावीकडे ऐकू नका.