बारा पर्सेस, बहात्तर फोटो आणि एक आठवडा

मेधा | शुक्रवार, सकाळी

नमस्कार मंडळी,

खणाच्या बारा पर्सेस एट्सीवर टाकायच्या आहेत. प्रत्येकीचे सहा फोटो धरले तर बहात्तर होतात, आणि पान पुढच्या शनिवारी उघडायचंय. फोटोग्राफर परवडणार नाही, म्हणून एआयकडून चित्रं करून घ्यावीत असा विचार आहे. ऑफिसनंतर रोज दोन तास मिळतात, शनिवार-रविवारी जास्त.

काल एका टूलला पर्सचा फोटो देऊन ‘लाकडी टेबलावर ठेव’ म्हटलं. चित्र देखणं आलं, पण पर्स माझी वाटेना. नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाहीये. आठवडा कसा लावू?

मेधा

रोहित | शुक्रवार, दुपारी

मेधाताई, आठवडा कशाला हवा? समोरून एक स्वच्छ फोटो काढा आणि टूलला सांगा: मागून दाखव, आतून दाखव, हातात धरलेली दाखव. नवी एडिटिंग मॉडेल्स वस्तू हुबेहूब ठेवतात. दोन संध्याकाळींत बहात्तर होतील.

रोहित

विनायककाका | शुक्रवार, दुपारी

चि. मेधास, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी खणाचे फोटो हवेत असं दिसतं. माझ्याकडे इंटरनेटवरून उतरवलेले दोनशेएक आहेत, अगदी गुळेदगुड्डचे सुद्धा. पाठवू का?

विनायककाका

श्रीरंग | शुक्रवार, रात्री

काका, मुखपृष्ठ नाही, ती विकायच्या पर्सेसबद्दल विचारतेय. आणि ते दोनशे फोटो राहू द्या. विक्रेत्याने स्वतः काढलेलेच फोटो लावावेत, असा एट्सीचा नियम आहे.

रोहित, तुझं साध्या वस्तूला लागू पडतं. स्टीलचा डबा, एकरंगी मग, कोरी वही असेल तर आजची मॉडेल्स खरंच चांगली सांभाळतात. खणाला ते लागू नाही. मॉडेल फोटो उचलून दुसरीकडे ठेवत नाही, तो बघून सगळं चित्र नव्याने रंगवतं. बारीक विणकामाचा त्याला अंदाज येतो, हिशेब येत नाही. मेधा, मूळ फोटोत झाकणावरचे बुट्टे एका ओळीत मोज, मग तयार झालेल्या चित्रात मोज. आकडा जुळणार नाही, आणि काठाची रेघ मध्येच जाड-बारीक झालेली दिसेल. ‘माझी वाटत नाही’ ते यामुळेच. मागची आणि आतली बाजू तर मॉडेलने पाहिलेलीच नाही, तिथे ते सरळ कल्पना करतं. आतलं अस्तर निळं दाखवलं आणि पार्सलातून पिवळं निघालं, की पर्स परत आलीच.

म्हणून पर्सचा एकही पिक्सेल मॉडेलला रंगवू द्यायचा नाही. पर्स खरी, टेबल आणि भिंत तयार केलेली. मग बहात्तरचं ओझंही हलकं होतं: प्रत्येकीचे समोरून, मागून, आतून आणि विणीचा जवळून असे चार खरे फोटो, आणि दोन सजवलेले. म्हणजे तयार केलेली चित्रं चोवीसच. त्यांनाही चोवीस पार्श्वभूमी लागत नाहीत, चार पुरतात. आलटून-पालटून वापरल्या की सगळं दुकान एका घरातलं वाटतं.

शनिवार, शूटिंग. आठवडा शनिवारी सुरू करायचा, कारण ऑफिसहून येईपर्यंत खिडकीतला उजेड गेलेला असतो. टेबल खिडकीजवळ, उजेड डावीकडून, उजवीकडे पांढरा फोम बोर्ड, खोलीतले दिवे बंद. फोन ट्रायपॉडवर, दोनपट लेन्स, पर्सपेक्षा थोडा वरून. ती उंची आणि तो कोन बाराही पर्सेसना तसाच ठेव, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक कर. नाहीतर फोन किरमिजी पर्सला एक पांढरा ठरवेल आणि हिरवीला दुसरा. पहिल्या फोटोत ग्रे कार्ड धर. खाली पांढरा कागद, मोतिया पर्सेसना मात्र राखाडी. एका पर्सला पंधरा मिनिटं धर, तीन तासांत बारा होतात.

रविवार आणि सोमवार, कापणी, म्हणजे फोटोतून पर्स कापून वेगळी काढणं. सावकाश करायचं काम हेच. मूळ फोटोंचं shoot आणि कापलेल्यांचं cut ही दोन्ही फोल्डर आधी तयार ठेव आणि ढोबळ कापणी एका कमांडने उरक:

```
rembg p -m isnet-general-use shoot cut
```

बंद आणि झाकण ठीक निघतात, गोंडे निघत नाहीत. एकतर त्यांचे धागे गायब होतात, नाहीतर धाग्यांमधला पांढरा कागद तसाच राहतो आणि गडद भिंतीपुढे गोंड्याला पांढरी किनार दिसते. मास्क एक-दोन पिक्सेल आत घे आणि गोंडे हाताने ब्रशने कर. मूळ फोटो टाकून देऊ नकोस, सावलीसाठी लागणार आहेत.

मंगळवार, पार्श्वभूमी. पर्स दाखवून ‘हिच्याभोवती टेबल काढ’ असं सांगू नकोस. तसं केलं की मॉडेलला वाटतं वस्तू कडेच्या पुढेही आहे, मग बंदाला दुसरा बंद फुटतो आणि गोंडा टेबलावर लोळतो. रिकामा देखावाच मागायचा:

```
empty worn teak table top, lime-washed wall behind,
soft window light from the left, camera slightly above table height
```

‘फुलं नकोत’ हे मुख्य ओळीत लिहिलं तर बरेचदा फुलंच येतात. नको ते निगेटिव्ह प्रॉम्प्टच्या रकान्यात लिही: `flowers, cup, bag, text`. प्रत्येक देखाव्याचे वीसेक नमुने काढ, एक ठेव आणि त्याचा सीड क्रमांक लिहून ठेव. १०२४ पिक्सेलचं चित्र मोठं करून २००० केलं तरी चालतं. मागची भिंत किंचित मऊ असलेली उलट बरी.

बुधवार, एकच पर्स शेवटपर्यंत. किरमिजी पर्स, हिरवा काठ, सागाचं टेबल. कापलेली पर्स ठेवली की ती हवेत तरंगते, कारण तिची सावली कागदासोबत कापली गेली. मूळ फोटोचा थर पर्सच्या खाली ठेव, त्याचा मोड Multiply कर आणि लेव्हल्सने कागद पूर्ण पांढरा कर. पांढरं नाहीसं होतं, खरी सावली टेबलावर उरते आणि पर्स बसते. तरीही घसरल्यासारखी दिसली तर टेबल वेगळ्या उंचीवरून पाहिलेलं आहे. तिथे पर्स वाकवत बसू नकोस, मंगळवारचा दुसरा नमुना घे.

गुरुवार उरलेल्या अकरा. शुक्रवार तपासणी आणि अपलोड.

तपासणी डोळ्यांवर सोडू नकोस. गिंपमध्ये तयार चित्रावर मूळ फोटो बरोबर त्याच जागी ठेव आणि मोड Difference कर. पर्सच्या जागी पूर्ण काळं दिसलं तर ती अस्सल राहिली. कापडाच्या काठावर चमकणाऱ्या रेघा दिसल्या तर कुठेतरी मॉडेलचा हात फिरलाय. रंग कमी-जास्त करायच्या आधीच हे कर, नाहीतर सगळंच चमकेल.

श्रीरंग

मेधा | शनिवार, रात्री

श्रीरंगदादा, मोजलं. झाकणावर एका ओळीत नऊ बुट्टे आहेत, चित्रात सात आले होते! आज बारांचं शूटिंग झालं.

दोन अडचणी आहेत. जांभळ्या-हिरव्या धूपछाव पर्सचा रंग प्रत्येक फोटोत वेगळा येतो. आणि फोनवर झकास दिसणारी गुलाबी पर्स लॅपटॉपवर मरगळलेली दिसते. शिवाय हातात धरलेला एक फोटो हवाच, गिऱ्हाईक मापाबद्दल फार विचारतात.

श्रीरंग | रविवार, सकाळी

धूपछाव ही चूक नाही, कापडच तसं आहे. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो. त्या पर्सला सजवलेला एक फोटो कमी कर आणि दोन कोनांतून काढलेले खरे फोटो शेजारी-शेजारी लाव.

गुलाबीचं कारण वेगळं. आयफोन डिस्प्ले पी३ या रंगांच्या प्रोफाइलमध्ये फोटो साठवतो. वाटेत कुठे ते प्रोफाइल गळून पडलं की भडक रंग फिके दिसतात. शेवटी sRGB मध्ये ‘कन्व्हर्ट’ करून जेपीजी काढ. नुसतं ‘असाइन’ केलंस तर दुखणं तसंच राहील.

हात तयार करू नकोस. बोटं हल्ली बरी येतात, पण माप चुकतं. बावीस सेंटिमीटरची पर्स तयार केलेल्या हातात झोळीएवढी दिसू शकते. शेजारणीचा खरा हात घे, किंवा पर्सशेजारी फोन ठेव. मापाचे आकडे आणि मराठी अक्षरं इंकस्केपमध्ये स्वतः टाइप कर. मॉडेलच्या देवनागरीत काना-मात्रा कुठेही उगवतात.

अनघा | रविवार, दुपारी

मध्येच विचारते. माझ्या पितळी समया आहेत. याच पद्धतीने केलं, सावलीसुद्धा ठेवली, तरी देवघराच्या चित्रावर चिकटवल्यासारख्या दिसतात. का?

श्रीरंग | रविवार, रात्री

अनघाताई, पितळ म्हणजे आरसा. समईत तुमची खिडकी आणि फोम बोर्ड दिसतोय, मागे मात्र देवघर आहे. चारी बाजूंनी पांढरा पातळ कापडी तंबू करून शूट करा, म्हणजे प्रतिबिंब बिनचेहऱ्याचं होईल. बरंच सुधारेल. पूर्ण जुळवायला प्रतिबिंब रंगवावं लागतं आणि ते मॉडेलकडून करवलं की घडणही बदलते. मी असतो तर समया खऱ्या देवघरात ठेवून काढल्या असत्या.

रोहित | सोमवार

मान्य, बुट्टे मी मोजले नव्हते. पण एक प्रश्न राहतो. एट्सीला विक्रेत्याचे स्वतःचे फोटो हवेत. मग पर्स खरी आणि भिंत बनवलेली असेल तर तो ‘स्वतःचा फोटो’ धरायचा का?

श्रीरंग | सोमवार, रात्री

त्याचं सरळ उत्तर मला नियमांत सापडलेलं नाही. म्हणून पहिला फोटो पूर्ण खरा ठेवावा, सजवलेले पाचवे-सहावे, आणि वर्णनात एक ओळ: ‘पर्सचे फोटो खरे, दोन चित्रांतली पार्श्वभूमी संगणकावर तयार केलेली.’ पुढे ॲमेझॉनवर जायचं असेल तर तिथे मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, २५५-२५५-२५५, आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला लागतो. शनिवारच्या पांढऱ्या कागदावरच्या फोटोंतून तो निघेल.

गूगल मर्चंट सेंटरवर टाकणार असशील तर एआयची खूण फाइलमध्ये असावी लागते. सजवलेली सगळी चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून शुक्रवारी तिथे हे चालव:

```
exiftool -XMP-iptcExt:DigitalSourceType="http://cv.iptc.org/newscodes/digitalsourcetype/compositeSynthetic" *.jpg
```

खऱ्या फोटोंच्या फोल्डरमध्ये चालवू नकोस, नाहीतर त्यांच्यावरही तोच शिक्का बसेल.

विनायककाका | मंगळवार

म्हणजे दिवाळी अंकाला मुखपृष्ठ अजून नाहीच का?