मदत हवी आहे: सॉफ्टवेअरच्या कामाचं बजेट, सोमवारी कोटेशन द्यायचंय

सुहास_बाणेर: चाकणच्या एका वाहतूकदारासाठी फेऱ्या, बिलं आणि नकाशावर गाड्या दाखवणारं सॉफ्टवेअर करायचंय. अंदाज ९६० तास. तीन डेव्हलपर, दोन आठवड्यांचा स्प्रिंट. म्हणजे चार स्प्रिंट, आठ लाख. टेस्टिंग आणि बदलांसाठी वर किती टक्के धरू?

कोथरूडकर: सरसकट ३० टक्के चढवा. आम्ही कायम तेच करतो.

मीनल_टेस्टर: ९६० तासांत टेस्टिंग आहे का? टेस्टर आहे का? रक्कम ठरलेली की महिन्याला बिल?

नानापेठ: आधी जिरा घ्या. एक्सेलमध्ये स्प्रिंट सांभाळता येत नाहीत.

सुहास_बाणेर: जिरा आहे हो. ९६० तास नुसतं कोडिंग. एक टेस्टर आहे, चौघांचा मिळून स्प्रिंटला दोन लाख खर्च. रक्कम ठरलेली.

मीनल_टेस्टर: मग टक्क्यांच्या आधीच हिशेब चुकलाय. तुम्ही तीन जण, दहा दिवस, आठ तास असे २४० तास धरलेत. प्लॅनिंग, डेमो, रेट्रो यांत एक दिवस जातो. उरलेल्या नऊ दिवसांत माणसाचे सहा तासच हाती लागतात, बाकीचे स्टँडअप, फोन आणि एकमेकांचा कोड बघण्यात जातात. म्हणजे १६२ तास. ९६० ला सहा स्प्रिंट, बारा लाख.

सातवा स्प्रिंट शेवटच्या तपासणीला ठेवा. आमच्या अशाच एका कामात ड्रायव्हरची डिझेलची उचल बिलातून वजाच होत नव्हती. क्लायंटच्या हिशेबनीसाने ते पकडलं. दुरुस्ती दोन तासांची, पण आधी पास झालेली सगळी बिलं पुन्हा तपासताना तीन दिवस गेले.

आठवा स्प्रिंट आपला अंदाज चुकला तर. क्लायंटने नवं काही मागितलं तर या स्प्रिंटला हात लावायचा नाही, नव्या कामाचे पैसे वेगळे, हे कोटेशनमध्येच लिहा. एकूण सोळा लाख.

कोथरूडकर: आठाचे सोळा ऐकून क्लायंट पळेल. एक आठवड्याचे स्प्रिंट करा, काम भराभर होतं.

मीनल_टेस्टर: चूक लवकर दिसते, हे खरं. पण तास वाढत नाहीत. आणि जुनं पुन्हा तपासायचं काम दर आठवड्याला येतं, टेस्टर एकच आहे.

नानापेठ: वर १८ टक्के जीएसटी लिहायला विसरू नका.

कोथरूडकर: राखीव स्प्रिंट क्लायंटला दाखवू नका. दिसला की पहिला तोच कापतात.

मीनल_टेस्टर: मी दाखवते. लपवलेला राखीव आपलीच टीम आधी खाते.

सुहास_बाणेर: नकाशाचे ३२० तास दुसऱ्या टप्प्यात ढकलले तर? उरले ६४०, म्हणजे चार स्प्रिंट, अधिक तुमचे दोन. बारा लाख.

मीनल_टेस्टर: चार स्प्रिंटचे ६४८ तास होतात, आठच शिल्लक. गणपतीत किती जण गावी जाणार? तारखा टाका.