गर्दी बघून गाळा घ्यायचा का गिऱ्हाईक बघून?

मूळ पोस्ट: "तालुक्याच्या गावी मॅचिंग सेंटर टाकतेय. स्टँड रोडचा गाळा 25 हजार, कापड पेठेतल्या गल्लीत 10 हजार. पण गल्लीत आधीच तीन मॅचिंगवाले! दिवसभर गर्दी तर स्टँड रोडलाच. तिथेच घ्यावा ना?"

गल्लीतला दुकानदार: नाही ताई. हे वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. स्टँडवरची गर्दी एसटी पकडायला पळत असते, अस्तराचा रंग जुळवायला उन्हात साडी उघडून कोण उभं राहणारे? बाई साडी घेते आणि पिशवी घेऊन तिथूनच ब्लाउजपीस, फॉलला जाते. एकाकडे रंग नाही जुळला की दुसऱ्याकडे, म्हणून ते तिघे तुमचे शत्रू नाहीत, त्यांच्यामुळेच बाई त्या गल्लीत येते. पुण्यात पुस्तकांसाठी माणूस अप्पा बळवंत चौकात का जातो?
आता भाडं. शंभराच्या विक्रीत 25 सुटतात धरा. 25 हजार भाड्यासाठी लाखाची विक्री, 26 दिवसांत रोज साधारण 3,850, दोनशेच्या बिलाने 19 बिलं, ती नुसती मालकासाठी. गल्लीत आठ पुरतात. बाजारच्या दिवशी आणि एका साध्या दिवशी दोन-दोन तास उभ्या राहा, साडीची पिशवी हातात असलेल्या बायका मोजा, आणि तिघांच्या दुकानातून किती जणी काही न घेता बाहेर येतात तेही.

किराणावाला: सगळ्यांना हे लागू नाही हां! माझ्या शेजारी दुसरं किराणा दुकान आलं आणि माझं निम्मं गिऱ्हाईक गेलं. तेल-साखर सगळीकडे सारखीच, तुलना करायला कोण चार दुकानं फिरतंय?

गल्लीतला दुकानदार: किराण्याला बरोबर आहे तुमचं. प्रश्न मॅचिंगचा आहे.

पेठकर: भाड्याचं सोडा, करार बघा! अकरा महिन्यांचा करार केला, रॅकला, लाइटला दीड लाख घातले, धंदा जमला तसा मालकाने भाडं दीडपट मागितलं. रॅक काढताना प्लायवुडचे तुकडे झाले, डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांचा रजिस्टर करार आणि दरवर्षीची वाढ लिहून घेतल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका!

किराणावाला: मालकच बदमाश असं नका म्हणू. माझाही एक गाळा भाड्याने आहे, भाडेकरूने आठ महिने भाडं थकवलं.

पेठकर: म्हणजे त्याचा राग माझ्यावर काढणार? माझं एका दिवसाचं भाडं कधी थकलं नव्हतं!

किराणावाला: तुम्हाला नाही म्हटलं. लेखी वाढ ठरवा, एवढं मान्य. पण तीन वर्षं भाडेकरूही बांधलेला हवा.

पेठकर: आणि धंदा बसला तर तिने तीन वर्षं भाडं भरायचं? दोन महिन्यांच्या नोटिशीवर सोडायची मुभा हवीच.

मूळ पोस्टवाली: काल बाजार होता, उभी राहिले. स्टँड रोडला दोन तासांत साडीच्या पिशव्या 9, गल्लीत 64. पण गल्लीत गाळ्यासमोर दिवसभर गाड्या लावलेल्या, बोर्डसुद्धा दिसत नाही. त्याचं काय करायचं?