मोठ्या बाबांची आरडी अन् कमी पडलेले ३,१७० रुपये

ग्रुप: वाड्यातले आपण

मोठे बाबा: आज दारव्ह्याले बँकेत गेलो होतो. आरडीची मुदत भरली. महिन्याले दोन हजार, चोवीस महिने, सात टक्के. म्या घरूनच हिशोब मांडून नेला होता. अठ्ठेचाळीस हजारावर दोन वर्षाचे चौदा टक्के म्हणजे ६,७२०. एकूण ५४,७२० यायले पायजे. खात्यात जमा किती झाले? ५१,५५०. तीन हजार एकशे सत्तर रुपये गेले कुठं? काउंटरवरची पोरगी म्हणते, कम्प्युटरनं काढलं, बरोबरच असंन.

सुनंदा काकू: अरे बाप्पा! तीन हजार म्हणजे खताच्या दोन पोत्याइतके तं झाले.

मयूर: मोठे बाबा, मी मोबाइलवर टाकून पाहिलं. ५१,६६२ येतंय. म्हणजे तीन हजार नाही, ११२ रुपये कमी दिलेत.

मोठे बाबा: हे पाय, तिसराच आकडा आला.

वैशाली ताई: शरद काका ऑनलाइन दिसतायत. काका, बोला. तीस वर्षं बँकेत काढलीत तुम्ही.

शरद काका: जेवत होतो. दादा, आधी तुमचा चौदा टक्क्याचा हिशोब घेतो, कारण मोठा घोळ तिथंच आहे. पासबुकाचा अन् आरडीच्या फॉर्मच्या मागच्या पानाचा फोटो टाका तोवर.

चौदा टक्के लागायले अठ्ठेचाळीस हजार पहिल्या दिवसापासून बँकेत पाहिजेत. तुमचे होते का? ५ जून २०२३ ला फक्त दोन हजार होते. ते पूर्ण चोवीस महिने राहिले. जुलैचे दोन हजार तेवीस महिने राहिले, ऑगस्टचे बावीस. असं करत करत मे २०२५ चा शेवटचा हप्ता बँकेत राहिला एकच महिना. त्याले तुम्ही दोन वर्षाचं व्याज मागून रायले.

मोठे बाबा: बरं, मंग?

शरद काका: मंग महिने मोजा. चोवीस, तेवीस, बावीस असं एकपर्यंत सारं जोडलं तं ३०० येते. चोवीस गुणिले पंचवीस, भागिले दोन. म्हणजे तुमची पूर्ण आरडी अन् दोन हजार रुपये ३०० महिने ठेवणं, साध्या व्याजापुरतं एकच. दोन हजारावर सात टक्क्यानं वर्षाचे १४० रुपये. ३०० महिने म्हणजे पंचवीस वर्षं. १४० गुणिले पंचवीस, ३,५०० रुपये. हे झालं साधं व्याज. कागदाच्या चिटोऱ्यावर निघते.

वैशाली ताई: म्हणजे सरासरी प्रत्येक हप्ता साडेबारा महिनेच बँकेत असतो. म्हणून व्याज मोठ्या बाबांच्या आकड्याच्या अर्ध्याच्या जरासं वर.

शरद काका: बरोबर. दर सातच आहे, खोटा नाही. पैसेच अर्धा वेळ घरी होते.

सुनंदा काकू: मंग एफडीच का नाही करत? अठ्ठेचाळीस हजाराची?

शरद काका: वहिनी, एकरकमी अठ्ठेचाळीस हजार असते अन् तोच सात टक्के दर, तं दोन वर्षानं ५५,१४६ मिळाले असते. कापसाचा चुकारा आला की त्याची एफडी करा, जरूर करा. पण दादाची आरडी दुधाच्या पैशातून आहे. डेअरीचे पैसे महिन्याचे महिन्याले येतात, ते एकरकमी कुठून आणणार? दोन्हीची तुलना लागतच नाही.

मोठे बाबा: हाव, दुधाचेच आहे. पण ३,५०० धरले तरी ५१,५०० होते. मले ५१,५५० भेटले. पन्नास जास्त कसे?

शरद काका: जास्त नाही, कमीच भेटले. सांगतो. ३,५०० हे साधं व्याज. आरडीवर तिमाही चक्रवाढ असते. दर तीन महिन्यानं व्याज मुदलात मिळवतात, अन् पुढच्या तिमाहीत त्या व्याजावरही व्याज चढते.

पहिली तिमाही पहा. पहिला हप्ता तीन महिने राहिला, दुसरा दोन, तिसरा एक. झाले सहा महिने. दोन हजाराचं एका महिन्याचं व्याज ११ रुपये ६७ पैसे, सहा महिन्याचे ७० रुपये. तिमाही संपली तेव्हा खात्यात ६,०७०.

आता वर्षाले सात टक्के म्हणजे तिमाहीले पावणेदोन. दुसऱ्या तिमाहीत ह्या ६,०७० वर पावणेदोन टक्क्यानं १०६ रुपये २३ पैसे चढले. चक्रवाढ नसती तं फक्त सहा हजारावर १०५ चढले असते. फरक एक रुपया अन् काही पैसे. वरून नवीन तीन हप्त्याचे पुन्हा ६,०७० आले. दुसऱ्या तिमाहीच्या शेवटी १२,२४६.

असंच पुढं ढकलत जा. जुन्या रकमेवर पावणेदोन टक्के चढवायचे, त्यात ६,०७० मिळवायचे. वर्षाच्या शेवटी, चौथ्या तिमाहीले, २४,९२५. सहाव्या तिमाहीले ३८,०५१. आठव्या तिमाहीले ५१,६४१.

मयूर: काका, म्हणजे चक्रवाढीनं दोन वर्षांत १४० रुपयेच वाढले? एवढंच?

शरद काका: एवढंच. दोन वर्षात व्याजावर व्याज चढायले वेळ भेटतच नाही. पोस्टाची आरडी पहा, ती पाच वर्षाची. ६.७ टक्के, तिमाही चक्रवाढ. महिन्याले हजार भरले तं साठ हप्त्यानंतर ७१,३६६. आपल्या चिटोऱ्याच्या रीतीनं साधं व्याज १०,२१८ निघते, खरं मिळते ११,३६६. म्हणजे चक्रवाढीचे अकराशे अठ्ठेचाळीस. मुदत वाढली की तिचा जोर वाढते.

वैशाली ताई: पण काका, मयूरला ५१,६६२ कसे आले? तुमचे ५१,६४१.

शरद काका: मयूर, तुझ्या कॅल्क्युलेटरमधे दर महिन्याची चक्रवाढ निवडलेली असंन. बघ.

मयूर: हो! "मंथली" होतं. मी स्प्रेडशीटमधे FV वापरून दर बारानं भागला, तरी ५१,६६२ च आले.

शरद काका: तेच तं. सातले बारानं भागलं की प्रत्येक महिन्यात व्याज मुदलात जाते. आपल्या बँकांच्या आरडीत ते तीन महिन्यानंच जाते. एकवीस रुपयाचा फरक त्याचाच. इंटरनेटवरचे कितीतरी कॅल्क्युलेटर ही चूक करतात, अन् मंग लोक मॅनेजरशी भांडतात. बँकेत आम्ही जे सूत्र वापरत होतो ते टाकतो. शीटमधे जसंच्या तसं चिकटव:

```
=2000*((1+0.07/4)^8-1)/(1-(1+0.07/4)^(-1/3))
```

8 म्हणजे तिमाह्या. खालचा -1/3 असा की एक महिना हा तिमाहीचा तिसरा हिस्सा. हप्ता, दर अन् तिमाह्या बदल, बाकीले हात लावू नको.

मयूर: ५१,६३९.५७ आले. तुमच्यापेक्षा एक रुपया कमी.

शरद काका: मी हातानं करताना तिमाहीच्या आतलं व्याज साधं धरलं, म्हणून सत्तर रुपये. सूत्र तिमाहीच्या आतल्या महिन्यालेही चक्रवाढीच्याच मापानं मोजते, तिथं सत्तरच्या जागी ६९ रुपये ८७ पैसे येतात. दोन वर्षात मिळून रुपयाभर. त्यावर भांडायचं नाही. बँकेचा आकडा ५१,६४० असायले पाहिजे.

मोठे बाबा: असायले पायजे, पण आहे ५१,५५०. नव्वद रुपये?

मोठे बाबा: फोटो

शरद काका: दादा, पासबुकाचा फोटो पाहतो तं जुलै २०२४ चा हप्ता कुठी दिसत नाही. ऑगस्टचाही नाही. सप्टेंबरले एकदम सहा हजार जमा आहेत.

मोठे बाबा: हाव. पेरणी उलटली होती. सोयाबीनचं बियाणं दुसऱ्यांदा घ्या लागलं. गाय बी आटली होती तेव्हा. पण म्या सारे भरले ना नंतर!

शरद काका: भरले, म्हणूनच मुद्दल पूर्ण ४८,००० आहे. पण उशिराचा दंड आहे. फॉर्मच्या मागं बारीक अक्षरात लिहिलंय, पाच वर्षापर्यंतच्या आरडीले शंभर रुपयामागं महिन्याले दीड रुपया. दोन हजारावर तीस रुपये. जुलैचा हप्ता दोन महिने उशिरा, साठ. ऑगस्टचा एक महिना, तीस. झाले नव्वद. ५१,६४० मधून नव्वद गेले, ५१,५५० राहिले. पैशाले पैसा जुळला.

सुनंदा काकू: तीस रुपये महिना? व्याज तं ११ रुपये ६७ पैसे देते म्हणत होते ना?

शरद काका: नेमकं पकडलं वहिनी. देताना पावणेबारा, घेताना तीस. दोन हजारावर वर्षाले अठरा टक्के झाले हे. मले नोकरीत असतानाही हे पटत नव्हतं, पण नियम छापलेला असते अन् सही आपली असते. प्रत्येक बँकेचा दंड सारखा नाही. पोस्टात शंभराले एक रुपया आहे. खातं उघडतानाच विचारायचं.

वैशाली ताई: आणि टीडीएस? आमच्या शाळेतल्या मॅडमच्या आरडीवर कापला होता.

शरद काका: आरडीवर २०१५ पासून लागतो, पण दादाच्या ह्या व्याजावर नाही. एप्रिल २०२५ पासून एका बँकेतलं वर्षाचं व्याज पन्नास हजारावर गेलं तरच कापतात, ज्येष्ठांले एक लाख. मॅडमच्या एफड्या असतील, त्यांचं व्याज आरडीच्या व्याजात मिळवून पाहतात. दादा, तुम्ही साठ कधी पूर्ण केली?

मोठे बाबा: मागच्या दिवाळीत.

शरद काका: मग नवीन आरडीले ज्येष्ठ नागरिकाचा दर मागा. बहुतेक बँका अर्धा टक्का वर देतात. साडेसातनं हेच चोवीस हप्ते...

मयूर: मी टाकतो शीटमधे. ५१,९१०.५०.

शरद काका: हो, जवळपास दोनशे सत्तर जास्त. वयाचा दाखला खातं उघडायच्या दिवशीच द्या, मागाहून दिला तं जुन्याच दरावर राहते.

मोठे बाबा: मंग उद्याच जातो. पण हप्त्याची तारीख पाच नको. डेअरीचे पैसे दहा तारखेले येतात, म्हणून दर महिन्यात ओढाताण. बारा तारीख लावून घेतो, अन् बचत खात्यातून आपोआप कापा म्हणून अर्ज देतो.

शरद काका: बारा चांगली. फक्त जुलै-ऑगस्टचे चार हजार बचत खात्यात आधीच ठेवा, आपोआप कापायले तिथं पैसे तं पाहिजेत.

सुनंदा काकू: चार हजार माझ्याजवळ ठेवा. यांच्याजवळ राहिले तं बियाण्यात जातीन.