मदत हवी आहे: युनियनच्या सर्वसाधारण सभेत अध्यक्षांनी सुरुवातीला आणि शेवटी नेमकं काय बोलायचं?

प्रेसशॉप_सातपूर

नमस्कार मंडळी. मी सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला आहे. आमची युनियन नोंदणीकृत आहे, सभासद ४१२. अध्यक्ष गेल्या महिन्यात निवृत्त झाले. घटनेप्रमाणे येत्या रविवारची वार्षिक सर्वसाधारण सभा उपाध्यक्ष म्हणून मला चालवायची आहे. गेटवर भाषणं केली आहेत, पण अध्यक्षांच्या खुर्चीत कधी बसलेलो नाही.

विषय पाच आहेत: मागचं इतिवृत्त, हिशेब, वर्गणी महिना ५० वरून ८० रुपये करणं, मागणीपत्र मंजूर करून वाटाघाटी समितीला अधिकार देणं, आणि ऐनवेळचे विषय.

मला भीती गेल्या वर्षीच्या प्रकाराची आहे. आभार झाले, वडापावच्या प्लेटा आल्या, अर्धी माणसं उठली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, 'करार होईपर्यंत ओव्हरटाइम बंद!' उरलेल्या साठेक जणांनी हात वर केले. सोमवारपासून निम्म्या शॉपने ओव्हरटाइम नाकारला, निम्म्याने केला. सात जणांना कारणे दाखवा नोटिसा आल्या. ते म्हणाले, हा युनियनचा निर्णय होता. आम्ही इतिवृत्ताची वही उघडली तर त्यात एक ओळ नाही. सभा संपली होती की चालू होती, यावरच अजून भांडण आहे. त्या सातातला एक माझ्याच मशीनवरचा आहे, म्हणून हे मनाला लागलंय.

सुरुवातीचं दहा मिनिटांचं भाषण मी लिहिलंय. शिवराय, बाबासाहेब आणि लोखंडे यांना वंदन, मग महागाई, मग 'वर्गणी ८० झालीच पाहिजे, नाहीतर युनियन चालणार नाही' असं. शेवटी काय बोलायचं ते सुचत नाही. कुणाकडे लिहिलेला नमुना आहे का?

सोसायटीचा_सेक्रेटरी

सोपं आहे. कोरम बघायचा, नसेल तर सभा अर्धा तास तहकूब करायची, मग त्याच जागी कोरमशिवाय सुरू करायची. आमच्या इमारतीत दरवर्षी असंच होतं. शेवटी राष्ट्रगीत आणि चहा. आणि समान मतं पडली तर अध्यक्षाला जादा मत असतंच.

जुना_चिटणीस

सोसायटीवाले साहेब, तुम्ही सांगताय ते तुमच्या उपविधींत असेल. युनियनला तिची स्वतःची घटना लागू. अर्ध्या तासाचं कलम त्यात असेल तरच ती सोय, नसेल तर कोरमअभावी केलेले ठराव पहिल्याच तक्रारीत पडतील. जादा मताचंही तेच. प्रेसशॉप, आधी घटनेत बघ आणि इथे सांग.

मी पिंपरीत एका युनियनचा बावीस वर्षं सरचिटणीस होतो. तुझ्या भाषणात वंदन ठेव, पण एका वाक्यात. लोखंड्यांचं नाव घेतोस तर एवढंच म्हण, की त्यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली आणि म्हणून आज रविवारी आपण इथे बसू शकतो. महागाई मागणीपत्राच्या विषयात येईलच. 'झालीच पाहिजे' हे मात्र काढ. तू त्या खुर्चीत बसून मतमोजणी करणार आहेस. आधीच बाजू घेतलीस तर विरोधातला माणूस तुझ्या आकड्यावर विश्वास ठेवणार नाही. फारच बोलायचं असेल तर त्या विषयापुरती खुर्ची दुसऱ्या सभासदाकडे दे, खाली उतरून बोल, आणि तो विषय संपेपर्यंत परत बसू नकोस.

सुरुवात अशी कर. आकडे नमुन्याचे आहेत, तुझे घाल:

'सभासद बंधू-भगिनींनो, आपल्या युनियनची वार्षिक सर्वसाधारण सभा सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सुरू झाली, असं मी जाहीर करतो. सभेची सूचना अमुक तारखेला फलकावर लावली आहे आणि खात्याखात्यांत वाटली आहे. घटनेप्रमाणे गणसंख्या १३८ लागते. हजेरीच्या वहीत आत्ता १६३ सह्या आहेत. गणसंख्या पूर्ण आहे. सूचनेबद्दल किंवा गणसंख्येबद्दल कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगावी.' इथे थांब. मनात दहा आकडे मोज. कुणी बोललं नाही तर 'हरकत नाही, अशी नोंद घ्यावी' असं चिटणीसांना मोठ्याने सांग.

'वर्षभरात आपल्यातून गेलेल्या सभासदांना आपण दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू.' नावं वाच, टोकन नंबरसकट.

'आता कामाची पद्धत. बोलणाऱ्याने आपलं नाव आणि खातं सांगावं. प्रत्येकाला तीन मिनिटं. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागेल. हात मोजूनच निर्णय होईल, टाळ्यांवर होणार नाही. मोजायला प्रेस, पेंट आणि असेंब्ली या तीन खात्यांतून एकेक माणूस घेऊ. ऐनवेळच्या विषयांत सूचना आणि प्रश्न घेऊ, पैशाचा किंवा आंदोलनाचा ठराव घेणार नाही, कारण तो सूचनेत नाही आणि आज न आलेल्या सभासदांना त्याची कल्पना नाही. आता चिटणीसांनी मागील इतिवृत्त वाचावं.'

बस. चार मिनिटं पुरतात. ते ऐनवेळच्या विषयांचं वाक्य सुरुवातीलाच बोल. एक वाजता भूक लागलेल्या सभेला नियम सांगायला गेलास तर लोकांना वाटेल तू त्यांचं तोंड बंद करतोयस.

प्रेसशॉप_सातपूर

काका, खूप आभार. घटनेत 'एक तृतीयांश सभासद' एवढंच आहे, अर्ध्या तासाचं काही नाही. चिटणीसांनी कोरम १३७ काढलाय, तुम्ही १३८ कसा धरला?

जुना_चिटणीस

४१२ भागिले तीन म्हणजे १३७ आणि वर तिसरा हिस्सा. १३७ माणसं एक तृतीयांशाला कमी पडतात, म्हणून १३८. आणि सह्यांवर विसंबू नकोस. मागणीपत्राच्या मतदानाआधी पुन्हा डोकी मोज, कारण सह्या करून माणसं निघून जातात.

दुर्गा_अंगणवाडी

दादा, मी बीड जिल्ह्यातली, अंगणवाडी सेविकांच्या युनियनमध्ये आहे. आमच्या सभेला सहाशे-सातशे बाया येतात, पण चार वाजले की एसटीसाठी उठतात. एकदा मानधनाच्या आंदोलनाचा ठराव शेवटी ठेवला आणि मतदानाला नव्वद जणी उरल्या. मतं विरोधात गेली असती तरी इतकं वाईट वाटलं नसतं. आता आम्ही मोठा विषय हिशेबाच्याही आधी घेतो. तुमच्याकडे माणसं कशी परत जातात? कंपनीची बस असते का?

प्रेसशॉप_सातपूर

ताई, रविवारी बस नसते, सगळे दुचाकीवर. पण दुपारच्या जेवणाची ओढ आहेच. मागणीपत्र दुसऱ्या नंबरला घेता येईल का?

जुना_चिटणीस

येईल, पण तूच परस्पर बदलू नकोस. 'विषय क्रमांक चार आधी घ्यावा' अशी सूचना सभेसमोर ठेव आणि तिची मंजुरी घेऊन क्रम बदल. आणि वर्गणीचा आकडा घटनेत लिहिलेला आहे का बघ. असेल तर ही साधी वाढ राहत नाही, घटनादुरुस्ती होते. मग सूचनेत तसं म्हटलेलं हवं आणि घटना सांगेल तेवढं बहुमत हवं.

आता शेवट. तुमच्याकडे गेल्या वर्षी घोटाळा झाला कारण आभार मानले म्हणजे सभा संपली असं सगळ्यांनी धरलं, पण संपली असं कुणी म्हटलंच नाही. म्हणून आभार आधी, वडापाव सर्वात शेवटी, आणि त्यांच्यामध्ये हे:

'विषयपत्रिकेवरचे सर्व विषय झाले. आजचे निर्णय पुन्हा वाचतो. हिशेब मंजूर, एकमताने. मागणीपत्र मंजूर: बाजूने १४९, विरोधात ११, तटस्थ ३. वाटाघाटीचे अधिकार सात जणांच्या समितीला दिले आहेत. अंतिम करारावर सही करण्याआधी समितीने तो सर्वसाधारण सभेपुढे आणायचा आहे. वर्गणी ८० रुपये: बाजूने ९७, विरोधात ५८, तटस्थ ८, मंजूर. ऐनवेळी तीन सूचना आल्या. त्यांवर ठराव झालेला नाही, त्या कार्यकारिणीकडे पाठवल्या आहेत. वाचण्यात चूक असेल तर आत्ता सांगावी. ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांचं मतही वहीत जसंच्या तसं नोंदवलं जाईल. दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी ही सभा संपली, असं मी अध्यक्ष म्हणून जाहीर करतो. यानंतर इथे होणारं बोलणं सभेचं कामकाज नाही.'

मग घोषणा, आणि घोषणा संपताच माइक बंद. वही तिथेच टेबलावर ठेव, शेवटच्या ओळीखाली वेळ लिहून तू आणि चिटणीस सही करा. रिकामी जागा राहिली तर आडवी रेघ मार.

एखादा विषय अपुरा राहिला तर 'संपली' म्हणू नकोस. 'सभा तहकूब, उरलेला विषय अमुक तारखेला अमुक वाजता' असं म्हण. तहकूब सभेत तोच उरलेला विषय चालतो, नवा नाही.

लाल_बावटा_कोल्हापूर

कॉम्रेड, अध्यक्षांनी इतकं कोरडं बोलायचं? सभासद जोश घ्यायला येतात. लोक तापलेले असताना तुम्ही आंदोलनाचा ठराव घेणारच नाही म्हणता, हे मला पटत नाही. संप नको असेल तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी सामुदायिक रजा टाकावी, त्यात कायद्याचं काही येत नाही.

जुना_चिटणीस

येतं. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात पन्नास टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो संपच धरला आहे, आणि संपाला आधी नोटीस लागते. अध्यक्षाच्या माइकवरून 'उद्या सगळे रजा टाका' असं गेलं तर भोगणार प्रेस शॉपचा हेल्पर. जोश देणारं भाषण हवंच, ते पाहुण्या नेत्याने करावं. अध्यक्षाने घड्याळ आणि वही सांभाळावी.

लाल_बावटा_कोल्हापूर

रजेचं माहीत नव्हतं, मान्य. पण सभेने तिथल्या तिथे निर्णय घ्यायचाच नाही, हे मला अजून पटलेलं नाही. सर्वसाधारण सभा सर्वोच्च असते.

जुना_चिटणीस

सर्वोच्च आहे, पण आली नाहीत त्या दोनशे-अडीचशे माणसांचीही ती सभा आहे. तातडी असेल तर सूचना काढून विशेष सभा बोलवा. आमच्या युनियनमध्येही यावर दोन तट होते, ते कधी मिटले नाहीत.

प्रेसशॉप_सातपूर

वर्गणीचा आकडा घटनेतच निघाला, कलम ९ मध्ये. सूचनेत फक्त 'वर्गणीवाढ' लिहिलंय. म्हणून तो विषय रविवारी चर्चेपुरता ठेवतो, आणि घटनादुरुस्तीची वेगळी सूचना काढून पुढच्या सभेत मतदान घेतो. शेवटच्या निवेदनातही तसंच वाचेन: 'चर्चा झाली, निर्णय नाही.' मागणीपत्र दुसरं घेतोय.

जादा मताबद्दल घटनेत काहीच नाही. समान मतं पडली तर ठराव पडला असं जाहीर करू का?

जुना_चिटणीस

मी तसंच करत असे, कारण बहुमत मिळालं नाही तर ठराव झाला नाही. पण तुमच्या प्रतीत मागच्या दुरुस्त्या चिकटवल्या आहेत का? जुन्या युनियनमध्ये त्या वेगळ्या कागदावर राहून जातात. कामगार आयुक्त कार्यालयात निबंधकांकडे नोंदलेली प्रत असते, शुक्रवारच्या आत ती ताडून घे.

दुर्गा_अंगणवाडी

दादा, त्या सात जणांच्या नोटिसांचं पुढे काय झालं?

प्रेसशॉप_सातपूर

ताई, पाच जणांना ताकीद मिळाली. दोघांची चौकशी चालू आहे, त्यात माझ्या मशीनवरचा एक. पुढची तारीख बुधवारी आहे, त्याच्यासोबत मी जाणार आहे.